पहिल्या पगाराची कविता केलीय, बाबांना चपला घेतल्या त्यावर. आठ अक्षरांत बसवायचा प्रयत्न आहे, कुठे चुकतंय सांगा

हिरवा_माड

नमस्कार मंडळी. मी मूळचा आचऱ्याचा, आता लोट्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागलोय, ११ जुलैला जॉईन झालो. म्हणजे पहिला पगार पूर्ण महिन्याचा नाहीच, एकवीस दिवसांचाच आला, त्यातून पीएफ आणि बाकीची कापाकापी होऊन हातात आठ हजार सहाशे. त्यातले साडेबाराशे घालून चिपळूणच्या बाजारात बाबांसाठी कोल्हापुरी चपला घेतल्या आणि चतुर्थीला घरी नेल्या. बाबा रापणीवर जातात, आयुष्यभर रबरी स्लिपर नाहीतर अनवाणी. लहानपणी कुणकेश्वरच्या जत्रेत त्यांनी एकदा कोल्हापुरी हातात घेऊन, उलटीपालटी करून बघितली होती आणि परत ठेवली होती, ते माझ्या डोक्यात राहिलं होतं.

कविता अशी आहे:

आठ हजार सहाशे
मेसेज आला रात्रीला
एकवीस दिवसांचा
पगार माझा पहिला

बाबांच्या पायाचा नंबर
मला नव्हता माहीत
आईने पाठवली हीर
पेपराच्याच घडीत

दुकानी हीर ठेवली
चपलेच्या पाठीवर
दुकानदार हसला
घामेजला मग कर

चतुर्थीला घरी गेलो
बॉक्स ठेवून पुढ्यात
बाबा म्हणाले, "कित्याक?"
पाणी तरळे डोळ्यांत

ऋण फेडू कसे सांगा
माझ्या आईबाबांचे हे
पगाराचे थेंब फक्त
समुद्रात टाकलेले

दुसरं कडवं म्हणताना अडकतं, का ते कळत नाही. आणि शेवट मलाच खटकतो पण दुसरं काही सुचत नाही.

---

छंदवेडा

छान प्रयत्न! दुसऱ्या कडव्यात गडबड आहे हे बरोबर पकडलंस. अष्टाक्षरीत प्रत्येक ओळीत आठ मात्रा यायला पाहिजेत, ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घाची दोन. "बाबांच्या पायाचा नंबर" मध्ये दीर्घ अक्षरं जास्त झालीत म्हणून ओळ जड होते, थोडे ऱ्हस्व शब्द वापरून बघ.

---

नोकरदार_पोरगा

भावा अभिनंदन. पण पहिल्याच पगारात साडेबाराशेच्या चपला जरा जास्तच, घरून निघालास तर भाडं डिपॉझिट मेस सगळं असतं. मी म्हणेन पहिल्या महिन्यात आईवडिलांना साधं काहीतरी घ्यायचं, दिवाळीला बोनस आला की मग मोठी वस्तू. पीएफचा यूएएन नंबर अ‍ॅक्टिव्हेट केलास का? तो आधी कर.

---

हिरवा_माड

@नोकरदार_पोरगा यूएएन केलाय दादा, थँक्यू. चपला घेऊन झाल्यात, प्रश्न कवितेचा होता.

---

गुहागरची_बाई

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, म्हणून लिहिते. छंदवेडा, तुमचं अर्धं बरोबर आहे, ओळ जड आहेच, पण कारण मात्रा नाही. इथे अक्षरं मोजायची, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही आणि जोडाक्षर एकच धरायचं. पडताळा बघा. "आठ हजार सहाशे" याच्या मात्रा मोजल्या तर बारा भरतात. "आईने धाडली हीर" अशी ओळ केली तर तिच्या चौदा. दोन्हीत आठ मात्रा नाहीत, आपसातही जमत नाहीत, पण अक्षरं दोन्हीकडे आठ, आणि दोन्ही एकाच चालीत म्हणता येतात. आमची आजी जात्यावर काय किंवा अभंग म्हणताना काय, लघु-गुरू कुठे बघत होती, चाल लागली की अक्षर लांबवायचं नाहीतर आखडायचं.

आता बाळा तुझी ओळ. "बा-बां-च्या-पा-या-चा-नं-ब-र", नऊ झाली. तुला लिहिताना कळलं नाही कारण आपण बोलताना "नंबर" चा शेवटचा र अर्धाच म्हणतो, कानाला दोनच अक्षरं येतात. पण चालीवर म्हणायला घेतलं की तो र पूर्ण उच्चारावा लागतो आणि तिथे जीभ अडते. "पाठवली हीर" मध्येही नऊच आहेत. म्हणून "बाबांच्या पायाचं माप" आणि "आईने धाडली हीर" करून बघ. माप, हीर यांचा शेवटचा अकार चालीत पूर्ण येतो आणि आठ भरतात. कागदावर पेन्सिलने मोज, बोटांवर मोजू नकोस, बोटं आपल्या बोलण्याबरोबर चालतात.

दुसरं, "पेपराच्याच" मधला च. तो आठ भरायला घातलायस ना? अर्थाला त्याची काही गरज नाही. च, हो, ते, मग, हे असले शब्द आठ भरण्यासाठी आले की ऐकणाऱ्याला लगेच कळतं. तुझ्या कवितेत तीन सापडले, "घडीत" च्या आधीचा च, "मग कर" मधला मग आणि "आईबाबांचे हे" मधला हे.

आणि "कर" म्हणजे हात? लोट्याच्या लॅबमध्ये तू हाताला कर म्हणतोस का?

---

छंदवेडा

बाई, मात्रांबद्दल चुकलं माझं, मी मात्रावृत्त आणि हे मिसळलं. तुम्ही दिलेल्या दोन ओळी मोजून पाहिल्या, खरंच बारा आणि चौदा. पण तरी एक म्हणतो, सगळ्या आठ अक्षरी ओळी सारख्या वाजत नाहीत. "चतुर्थीला घरी गेलो" चार-चारमध्ये मधोमध तुटते आणि पळते, "दुकानदार हसला" पाच-तीनमध्ये तुटते आणि लंगडते.

---

गुहागरची_बाई

हे तुम्ही चांगलं ऐकलंत. पण लंगडणं नेहमी वाईट नसतं. दुकानदार हसतो तिथे वाचणाऱ्याने थोडं अडखळलं तर मला चालेल.

---

सौ_खाडीकाठ

कविता वाचून मला माझंच आठवलं. १९९८ साली रत्नागिरीला डाटा एन्ट्रीला लागले, पहिल्या पगारात आईला कुकर घेतला, पाच लिटरचा. आईने तो दीड वर्ष कपाटावर ठेवला, शिट्टीची भीती वाटते म्हणायची आणि भात पातेल्यातच करायची, पण घरी कोण आलं की खाली काढून दाखवायची आणि फडक्याने पुसून परत वर. मला तेव्हा राग यायचा, वापरायचा नव्हता तर सांगायचं, मी साडी घेतली असती. तुझ्या बाबांनी चपला घातल्या का रे? आणि आईला काय घेतलंस? कवितेत हीर आईने पाठवली आणि तिला काहीच नाही, असं कसं.

---

हिरवा_माड

@सौ_खाडीकाठ आईला पाकिटातून दोन हजार दिले, तिने त्यातले पाचशेएक गणपतीपुढे ठेवले आणि बाकीचे मलाच परत केले, म्हणाली लोट्याक पाऊस लय, छत्री घे. ते कवितेत कसं आणायचं कळेना म्हणून सोडलं.

हीर कशी आली ते सांगतो. मी फोनवर विचारलं बाबांचा नंबर काय, तर आई म्हणाली माका काय म्हायत, स्लिपरेवरचो आकडो पुसान गेलो. मग तिने बाबा दुपारी पडवीत झोपलेले असताना झाडूतली एक हीर काढली, तळव्याला लावली, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, आणि तिथे मोडली. आत्येभाऊ चिपळूणला येणार होता त्याच्याबरोबर पाठवली, सुक्या बांगड्यांच्या पिशवीत, पेपरात गुंडाळून. दुकानात काढली तेव्हा तिला बांगड्याचा वास येत होता आणि एसी चालू होता, म्हणून माझे हात घामेजले.

---

देवगडचो_झील

आरे मग बांगडे खंय गेले कवितेतसून? पेपर कसलो ठेवलंस, बांगडे ठेव!

---

गुहागरची_बाई

अगदी हेच लिहायला आले होते. "माहीत" ला तुला यमक हवं होतं म्हणून तू "घडीत" शोधलंस आणि घडीत बसवायला च घातलास. खरं यमक पिशवीत होतं. "सुक्या बांगड्यांसहित". मोज, आठ आहेत. च गेला, पेपर गेला आणि दुकानातल्या घामाला कारण मिळालं.

आता चौथ्या कडव्यातलं मला खरं सांग. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं?

---

हिरवा_माड

नाही.

---

गुहागरची_बाई

मग काय झालं?

---

हिरवा_माड

बाबा बाकड्यावर बसले होते. बॉक्स उघडला आणि चपला खाली ठेवल्या तर त्यांनी पाय आत घेतले, बाकड्याखाली अंधारात. टाचांना भेगा आहेत त्यांच्या, खाऱ्या पाण्याने. माझ्याकडे न बघता "कित्याक?" म्हणाले आणि मग किंमत विचारली. मी सातशे सांगितली. थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही, मी पण उगाच मोबाईल काढला. मला खूप छान वाटत होतं आणि त्याच वेळी तिथून उठून जावंसं पण वाटत होतं. हे लिहिलं तर बाबांना आवडलं नाही असं वाटेल म्हणून डोळ्यांत पाणी लिहिलं.

---

सौ_खाडीकाठ

मी पण कुकरची किंमत कमी सांगितली होती!

---

पंचगंगाकाठ

मी कोल्हापूरचा, आमच्या घरी दोन पिढ्या हाच धंदा. कवितेतलं मला फार कळत नाही पण चपलेचं सांगतो. हिरीने लांबी कळते, रुंदी नाही. जो माणूस जन्मभर वाळूवर अनवाणी चालला त्याचा पाय पुढे पसरलेला असतो, बोटं लांब लांब होतात. त्याला लांबीने बरोबर चप्पल पट्ट्यात हमखास आवळते, करंगळीकडे नाहीतर अंगठ्याच्या कडीत. त्यांना घालून बघितल्यावर करंगळी बाहेर आली का बघ. आली असेल तर पट्ट्याला आतून खोबरेल किंवा एरंडेल तेल लावायचं, रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवसापासून घरातच अर्धा-अर्धा तास घालायची. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं असेल तर आठवड्यात पायाचा आकार घेतं. तेल जास्त नको, कातडं मऊ पडलं की तळ ढिला होतो.

आणि भाद्रपदात कोकणात अंगणात घालू देऊ नका. हे कातडं पाणी पितं, फुगतं, वाळलं की वाकडं होतं आणि शिलाई उसवते. बॉक्समध्ये बंद करूनही ठेवू नका, दमट हवेत चार दिवसांत पांढरी बुरशी धरते. वर टांगून ठेवायची, वारा लागला पाहिजे. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत ठेवा, उन्हात नको.

---

हिरवा_माड

@पंचगंगाकाठ काका, करंगळी बाहेरच येते! बाबा म्हणाले बरोबर बसता, म्हणून मी गप्प बसलो. आईला आत्ताच फोन केला, खोबरेल लावायला सांगितलं.

आणि तुम्ही अंगणाचं लिहिलंत त्यावरून एक आठवलं. त्या दिवशी बाबांनी घातल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी माजघरात होतो, आई चुलीकडे, आणि पडवीतून करकर आवाज आला. आईने आतून ओरडून विचारलं, "कोण इलो?" आवाज थांबला. मी वाकून बघितलं तर बाबा पडवीत एक पाय वर उचलून उभे, खाली टेकवला तर वाजेल म्हणून. मला बघितलं नाही त्यांनी. मी मागे झालो.

---

देवगडचो_झील

ह्यां लिही! ह्यांच लिही!!

---

पंचगंगाकाठ

वाजते म्हणजे कातडं कोरडं आणि कडक आहे, चांगली आहे. काही कारागीर तर वाजावी म्हणून दोन तळांच्या मध्ये मुद्दाम काही घालतात. ओली झालेली चप्पल वाजत नाही. तेल लावल्यावर आवाज थोडा कमी होईल बरं का.

---

हिरवा_माड

रात्रभर बसून परत लिहिली. पेन्सिलने मोजली.

आठ हजार सहाशे
मेसेज आला रात्रीला
एकवीस दिवसांचा
पगार माझा पहिला

बाबांच्या पायाचं माप
मला नव्हता माहीत
आईने धाडली हीर
सुक्या बांगड्यांसहित

दुकानी हीर ठेवली
चपलेच्या पाठीवर
दुकानदार हसला
बोटं झाली ओलसर

चतुर्थीला घरी गेलो
बॉक्स ठेवून पुढ्यात
बाबा म्हणाले, "कित्याक?"
पाय नेले अंधारात

तिन्हीसांजा वाजली ती
पडवीत करकर
आई म्हणे, "कोण इलो?"
पाय त्यांचा अधांतर

ऋण आणि समुद्राचं कडवं काढून टाकलंय.

---

गुहागरची_बाई

माप "नव्हता" नाही, "नव्हतं". नंबर गेला, क्रियापद तसंच राहिलं, बदल. अक्षरं तेवढीच राहतात. "अधांतरी" म्हणायची आपल्याला सवय, पण करकरशी "अधांतर" जुळतं आणि पाय हवेत राहिलेला दिसतो, असू दे. "दुकानी" मला अजून जुनं वाटतं, पण "दुकानात" केलं की नऊ होतात, तर त्यावर विचार कर.

सगळ्यात बरं वाटलं ते हे की "करकर" आठ अक्षरांतली चार घेते आणि म्हणताना खरंच दोन पावलं टाकल्यासारखी येते.

---

छंदवेडा

"दुकानात हीर ठेवून" नऊच होतंय. "काउंटरी हीर ठेवली" पण नऊ. "हीर काढून ठेवली" आठ! हीर-काढून-ठेवली. दुकान तसंही पुढच्या ओळीत चपलेवरून आणि दुकानदारावरून कळतं.

---

गुहागरची_बाई

वा. हे घे रे बाळा.

---

सौ_खाडीकाठ

मी एकटीच असेन पण मला ते समुद्राचं कडवं हवं होतं. तुम्ही म्हणता ते पटतं, पाय आणि करकर फार छान झालंय, वाचताना माझे बाबा दिसले. पण ही कविता तो इथे आपल्यालाच दाखवणार आहे का? घरी वाचून दाखवणार ना कधीतरी? मग आईबाबांना सरळ सांगणारं एक तरी कडवं नको? माझ्या आईला मी कधीच काही बोलले नाही, कुकर दिला आणि कॉलेजच्या मैत्रिणीकडे निघून गेले. आता बोलायला ती नाही. मला वाटतं एवढं तरी उघड म्हणावं.

---

गुहागरची_बाई

ताई, तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. मला कविता म्हणून ते कडवं नको वाटतं, कारण थेंब आणि समुद्र शंभर जणांनी लिहिलाय आणि हीर याने एकट्याने. पण घरात वाचायची झाली तर मी वेगळी गोष्ट मानेन. सरळ म्हणायचं असेल तर ते कवितेच्या आधी किंवा नंतर तोंडाने म्हणता येईल का?

---

सौ_खाडीकाठ

तोंडाने म्हणता येत असतं तर कविता कशाला केली असती त्याने.

---

देवगडचो_झील

ताईन् बरोबर सांगल्यान.

---

हिरवा_माड

मला दोघींचंही पटतंय म्हणून अजून ठरवलं नाही. दोन प्रती केल्यात, एक कडव्यासह आणि एक शिवाय. दिवाळीला घरी जाईन तेव्हा बघू कुठली खिशात असते.

बाबांना वाचून दाखवायची हिंमत आत्ता तरी नाही, त्या पडवीचं मी बघितलं हे त्यांना माहीत नाही. आईला फोनवर वाचून दाखवली काल रात्री. ऐकून घेतली पूर्ण. मग म्हणाली, तेल लावलंय, करंगळी आता आत बसता. आणि म्हणाली, हीर टाकू नको, दिवाळीक येताना घेऊन ये, नव्या झाडूतली होती.

ती इथे खोलीच्या खिडकीत ठेवलीय. वास अजून आहे.